घशातला पांढरा ठिपका काय सांगतो आणि काय सांगत नाही

नववीत शिकणारा चौदा वर्षांचा मुलगा. रविवारी संध्याकाळपर्यंत मैदानावर कबड्डी खेळत होता. रात्री जेवताना म्हणाला, 'आई, घशात काहीतरी टोचतंय.' मध्यरात्री हुडहुडी भरून ताप आला. सोमवारी सकाळी ताप १०२ होता, डोके दुखत होते, एकदा उलटी झाली आणि घास तर सोडाच, स्वतःची थुंकी गिळतानाही त्याच्या डोळ्यांत पाणी येत होते. आईने मोबाइलचा उजेड घशात टाकून पाहिले. दोन्ही बाजूंचे टॉन्सिल लालभडक, सुजलेले आणि त्यांवर पांढरे-पिवळट ठिपके.

वडिलांनी लगेच चप्पल घातली. महिन्यापूर्वी थोरल्या मुलीचा घसा असाच धरला होता. तेव्हा कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून तीन गोळ्यांचे पाकीट आणले होते आणि मुलगी चार दिवसांत खडखडीत बरी झाली होती. तेच पाकीट पुन्हा आणायचे, एवढाच त्यांचा विचार. आईने मात्र त्यांना थांबवले. 'तिला सर्दी होती, खोकला होता. याला तसं काहीच नाही. एकदा दवाखान्यात दाखवू,' ती म्हणाली.

आईने सहज म्हटलेले ते वाक्य वैद्यकीयदृष्ट्या फार नेमके होते. घसादुखीच्या निदानात टॉन्सिलवरच्या ठिपक्यांपेक्षा सर्दी-खोकला आहे की नाही, याला अधिक वजन आहे.

ठिपके फसवतात

घशाच्या दोन्ही बाजूंना, पडजिभेच्या आजूबाजूला असलेल्या टॉन्सिल म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींच्या चौक्या. तोंडा-नाकातून आत शिरणाऱ्या जंतूंशी पहिली झटापट तिथे होते. झटापट जोरात झाली की टॉन्सिल सुजतात, लाल होतात आणि मेलेल्या पेशी, पू, स्राव यांचा थर त्यांच्या खळग्यांत साचतो. तोच आपल्याला पांढरा ठिपका म्हणून दिसतो.

आत शिरलेला जंतू विषाणू आहे की जिवाणू, हे मात्र तो ठिपका सांगत नाही. ॲडिनोव्हायरस नावाच्या विषाणूने टॉन्सिल इतके पांढरे होऊ शकतात की अनुभवी डॉक्टरही घोटाळ्यात पडावेत. उलट जिवाणूंचा संसर्ग असूनही कधीकधी टॉन्सिल फक्त लाल दिसतात, ठिपका एकही नसतो. त्यामुळे 'पांढरे दिसले म्हणजे इन्फेक्शन, इन्फेक्शन म्हणजे अँटिबायोटिक' हे आपल्या घराघरांत रुजलेले समीकरण चुकीचे आहे. विषाणूंचा आजार हेही इन्फेक्शनच आहे आणि त्यावर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नसतो.

शाळकरी वयाच्या मुलांत घसादुखीची बहुतेक दुखणी विषाणूंमुळे होतात. साधारण चारातल्या एका मुलाच्या घशात जिवाणू सापडतो. हा जिवाणू बहुतेक वेळा एकच असतो, 'ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस'. डॉक्टर बोलताना त्याला नुसते 'स्ट्रेप' म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो मण्यांच्या माळेसारखा दिसतो. घसादुखीच्या प्रत्येक रुग्णात डॉक्टर खरे तर एकाच प्रश्नाचे उत्तर शोधत असतात : हा स्ट्रेप आहे की नाही?

पाच गुणांची परीक्षा

मंगळवारी सकाळी आई मुलाला घेऊन सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत पोहोचली. डॉक्टरांनी घसा पाहण्याआधी प्रश्न विचारले. दुखणे हळूहळू वाढले की एकदम सुरू झाले? नाक गळते का? खोकला आहे का? आवाज बसला आहे का? डोळे लाल झाले का, जुलाब झाले का? घरात, वर्गात आणखी कुणाचा घसा दुखतोय का?

या प्रश्नांमागे साधा हिशेब आहे. विषाणू सहसा एका जागी थांबत नाहीत. ते नाक, घसा, स्वरयंत्र, डोळे अशी सगळीकडे हजेरी लावतात. म्हणून वाहते नाक, खोकला, बसलेला आवाज, लाल डोळे, तोंडात फोड यांपैकी काही सोबत असेल तर पारडे विषाणूंकडे झुकते. स्ट्रेप मात्र घशातच ठाण मांडतो. त्याचे दुखणे अचानक सुरू होते, ताप चढतो, गिळताना असह्य दुखते. मुलांत डोकेदुखी, पोटदुखी, उलटीही होते, पण नाक कोरडे असते आणि खोकला नसतो.

मग डॉक्टरांनी घसा पाहिला, जबड्याखाली आणि मानेच्या पुढच्या बाजूला बोटांनी चाचपले. तिथे सुपारीएवढ्या गाठी होत्या आणि दाबताच मुलगा कळवळला. डॉक्टरांनी केसपेपरच्या कोपऱ्यात पाच खुणा केल्या.

ही गुणपद्धत १९८१ मध्ये अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट सेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढ रुग्णांसाठी मांडली. १९९८ मध्ये कॅनडातील डॉ. मॅकआयझॅक यांनी तिच्यात वयाची भर घातली. ताप १००.४ अंशांपेक्षा जास्त असेल तर एक गुण. खोकला नसेल तर एक. मानेच्या पुढच्या गाठी सुजून दुखत असतील तर एक. टॉन्सिल सुजलेल्या किंवा त्यांवर पांढरा थर असेल तर एक. वय ३ ते १४ वर्षे असेल तर आणखी एक. १५ ते ४४ वयाला शून्य आणि त्यापुढे उणे एक. टॉन्सिलवरच्या पांढऱ्या थराला पाचातला फक्त एक गुण आहे, हे इथे ध्यानात घ्यावे.

या मुलाला पाचही गुण मिळाले. वडिलांना वाटले, निदान झाले. पण गुणपद्धतीची मर्यादा इथेच आहे. शून्य किंवा एक गुण असेल तर स्ट्रेप असण्याची शक्यता १० टक्क्यांहून कमी, म्हणजे तपासणीचीही गरज सहसा नसते. तीन गुणांना ती तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास जाते. आणि चार-पाच गुण मिळाले तरी शंभरातल्या सुमारे पन्नास मुलांच्याच घशात स्ट्रेप सापडतो. उरलेल्या निम्म्यांचा आजार विषाणूंचाच असतो. म्हणजे ही पद्धत 'कुणाला तपासण्याची गरज नाही' हे चांगले सांगते, पण 'याला स्ट्रेपच आहे' असे छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यासाठी घशातला नमुना घ्यावा लागतो.

कापसाची काडी आणि दोन दिवस

नमुना घेणे अर्ध्या मिनिटाचे काम. जीभ चपट्या पट्टीने दाबायची, लांब काडीला लावलेला निर्जंतुक कापूस दोन्ही टॉन्सिलवर आणि मागच्या भिंतीवर नीट घासायचा. जीभ आणि गालाला लागू द्यायचा नाही. मुलाला क्षणभर उमळते, पण तेवढेच. काही ठिकाणी या नमुन्यावर जलद चाचणी होते आणि दहा-पंधरा मिनिटांत उत्तर मिळते. जलद चाचणी 'आहे' म्हणाली तर बहुतेक वेळा ते खरे असते; 'नाही' म्हणाली तर काही मुलांत ती चुकू शकते. जिथे ही चाचणी नाही, तिथे नमुना रक्त मिसळलेल्या आगरवर वाढवतात, म्हणजे कल्चर करतात. स्ट्रेप असेल तर त्याच्या वसाहतीभोवतीच्या रक्तपेशी विरघळून स्वच्छ वर्तुळ उमटते. याला एक ते दोन दिवस लागतात.

नमुना घेण्यापूर्वी अँटिबायोटिकची एकदोन गोळी जरी पोटात गेली, तरी कल्चरमध्ये काही न उगवण्याची शक्यता वाढते. वडिलांनी सोमवारी ते पाकीट आणले असते, तर खरे उत्तर मिळण्याचा मार्गच बंद झाला असता.

या मुलाचे कल्चर पाठवले गेले. हातात मिळाली ती फक्त पॅरासिटामोलची गोळी. त्याचे वजन ४६ किलो, म्हणून ५०० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, दिवसातून चारपेक्षा जास्त नाही. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मऊ खिमट, ताक, सरबत, गार आवडत असेल तर गारही. गुळण्यांनी जंतू मरत नाहीत, दुखणे थोडे हलके होते. ॲस्पिरिन मात्र मुलांना द्यायची नाही आणि डेंग्यूच्या दिवसांत तापासाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या स्वतःहून घ्यायच्या नाहीत.

वडील अस्वस्थ झाले. एवढा ताप आणि दोन दिवस नुसती तापाची गोळी? डॉक्टरांनी समजावले, 'स्ट्रेप असला तरी दुखणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू केलं, की ज्याची खरी भीती आहे ते टळतं. आज तिसरा दिवस आहे. गुरुवारी रिपोर्ट येईल, तेव्हा पाचवा असेल. आपल्या हातात वेळ आहे.' मूल फार आजारी असेल किंवा कुटुंब लांबच्या गावाहून आलेले, पुन्हा येणे कठीण असेल, तर डॉक्टर नमुना घेऊन त्याच दिवशी औषध सुरू करतात आणि रिपोर्टमध्ये काही न आल्यास थांबवतात. तेही बरोबरच आहे.

अशा वेळी पालक दोन तपासण्यांचा आग्रह धरतात. पहिली, रक्तातल्या पेशींची मोजणी. तिने विषाणू आणि जिवाणू यांचा निवाडा होत नाही. दुसरी, एएसओ. ही तपासणी स्ट्रेपविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे मोजते. ती वाढायला आठवडा लागतो आणि तीन ते सहा आठवड्यांनी ती शिखरावर असतात. म्हणजे आज दुखणाऱ्या घशाबद्दल एएसओ काही सांगत नाही. ती जुन्या संसर्गाची खूण आहे आणि शाळकरी मुलांत स्ट्रेपचे संसर्ग वारंवार होत असल्याने ठणठणीत मुलांतही ती वाढलेली सापडते. केवळ एएसओ वाढली म्हणून एखाद्या मुलाला महिनोन् महिने इंजेक्शने देणे चूक आहे.

मग प्रत्येकच दुखऱ्या घशाचा नमुना का घेऊ नये? कारण काही मुलांच्या घशात स्ट्रेप निमूटपणे राहत असतो. त्यांना त्याचा त्रास नसतो. अशा मुलाला साधी सर्दी झाली आणि नमुना घेतला, तर तो 'आहे' येईल आणि सर्दीला नाहक अँटिबायोटिक मिळेल. म्हणून आधी गुण आणि मगच काडी.

बरा झालाय, मग औषध कशाला?

गुरुवारी रिपोर्ट आला. स्ट्रेप होता. गंमत अशी, की तोवर मुलाचा ताप उतरणीला लागला होता. सकाळी त्याने दुधात भिजवलेली अर्धी पोळी खाल्ली होती. वडिलांनी विचारले, 'डॉक्टर, तो तर बराच सुधारलाय. मग आता औषध कशाला?'

हा प्रश्न रास्त आहे आणि या आजाराचे मर्म त्याच्या उत्तरात आहे. स्ट्रेपचा घसा औषधाशिवायही बहुधा तीन ते पाच दिवसांत निवळतो. अँटिबायोटिकने दुखणे कमी होते ते जेमतेम एखाद्या दिवसाने. औषधाचे मुख्य काम घसा बरा करणे हे नसून, घशानंतर जे येऊ शकते ते अडवणे हे आहे.

स्ट्रेपच्या अंगावर असलेल्या काही प्रथिनांची रचना माणसाच्या हृदयाच्या व सांध्यांच्या पेशींतील प्रथिनांशी मिळतीजुळती असते. शरीर स्ट्रेपशी लढण्यासाठी शस्त्रे तयार करते आणि काही मुलांत ही शस्त्रे आपल्याच हृदयावर, सांध्यांवर चालू लागतात. घसा बरा होऊन दोन-तीन आठवडे उलटलेले असतात, सगळे ते विसरलेले असतात, आणि अचानक गुडघा सुजतो. दोन दिवसांनी गुडघा उतरतो, घोटा सुजतो; मग कोपर. ताप येतो, धाप लागते. हा ऱ्हुमॅटिक ताप, संधिवाताचा ताप. पाच ते पंधरा हे त्याचे नेहमीचे वय. सांधे पुढे पूर्ण बरे होतात, मागे काही उरत नाही. हृदयाच्या झडपांचे तसे नसते. विशेषतः डाव्या बाजूची मायट्रल झडप सुजते, जाड होते, गळू लागते किंवा वर्षानुवर्षे आकसत जाते. विशीतली बाई पहिल्या गरोदरपणात धाप लागून दवाखान्यात येते आणि तेव्हा कळते, की झडप खराब आहे. लहानपणीचा घसा तिला आठवतही नसतो.

श्रीमंत देशांत हा आजार जवळपास दिसेनासा झाला. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत तो अजून दिसतो. दाटीवाटीची घरे, एका खोलीत झोपणारी पाच-सहा माणसे आणि वेळेवर न मिळणारे उपचार यांच्याशी त्याचे नाते आहे. एकदा ऱ्हुमॅटिक ताप झाला, की पुढचा प्रत्येक स्ट्रेप झडपेला आणखी इजा करू शकतो. म्हणून अशा मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. आज घ्यायच्या दहा दिवसांच्या गोळ्या या सगळ्यापुढे किती स्वस्त आहेत, हे वडिलांच्या लक्षात आले.

दहा दिवस म्हणजे दहा दिवस

स्ट्रेपसाठी औषध जुनेच आहे : पेनिसिलिन किंवा त्याचाच भाऊबंद अमॉक्सिसिलिन. इतर अनेक जिवाणू औषधांना दाद देईनासे झाले असताना हा स्ट्रेप आजही पेनिसिलिनला दबतो. तीन दिवसांच्या पाकिटातले ॲझिथ्रोमायसिन मात्र वेगळे. त्याला न जुमानणारे स्ट्रेप ठिकठिकाणी सापडतात. ते औषध पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांसाठी राखून ठेवायचे असते आणि तेही डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत. थोरल्या बहिणीचे काय झाले होते, हे आता उघड होते. तिला सर्दी-खोकल्यासकट विषाणूचा घसा होता. तो चार दिवसांत आपोआप बरा होणारच होता. श्रेय पाकिटाला मिळाले.

डॉक्टरांनी पालकांपुढे दोन पर्याय ठेवले. पहिला, अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ, दहा दिवस, एकूण २० कॅप्सूल. दुसरा, बेंझाथीन पेनिसिलिनचे १२ लाख युनिटचे एकच इंजेक्शन, कुल्ल्याच्या स्नायूत खोलवर. हे इंजेक्शन दुखते, पण औषध स्नायूत साठून हळूहळू रक्तात उतरत राहते आणि गोळी विसरण्याचा प्रश्नच उरत नाही. ज्या घरात दहा दिवस गोळ्या नीट जातील याची खात्री नसते, तिथे तेच बरे. मात्र पूर्वी पेनिसिलिनने अंगावर गांधी, धाप, सूज असे काही झाले होते का, हे विचारून, जिथे ॲलर्जीवर तातडीचे उपचार हाताशी आहेत तिथेच ते घ्यायचे आणि नंतर अर्धा तास तिथेच बसायचे.

मुलाने इंजेक्शनचे नाव ऐकताच गोळ्या निवडल्या. डॉक्टरांनी त्याला सांगितले, 'चौथ्या दिवशी तुला वाटेल, आता कशाला? तोच दिवस सांभाळायचा.' स्ट्रेप घशातून समूळ जायला दहा दिवस लागतात. मध्येच थांबले तर घसा शांत राहतो, पण जंतू मागे उरतो. औषध सुरू झाल्यावर चोवीस तासांनी, ताप नसेल तर मूल शाळेत जाऊ शकते. तोवर त्याचा पेला, चमचा, टॉवेल वेगळा ठेवायचा. घरातल्या ज्यांना काही त्रास नाही, त्यांना औषध नको.

तिसरा खेळाडू

विषाणू आणि जिवाणू यांच्यातला घोटाळा एका आजारात फारच ठळकपणे उघडा पडतो. सतरा-अठरा वर्षांची मुलगी. घसा प्रचंड दुखतो, टॉन्सिल एकमेकांना टेकतील इतके सुजलेले, त्यांवर राखाडी-पांढरा थर, ताप आठवडाभर. कुणीतरी अमॉक्सिसिलिन देते. काही दिवसांनी अंगभर लाल पुरळ उठते. घरच्यांना वाटते गोवर आला किंवा औषधाची ॲलर्जी झाली.

हा असतो एप्स्टीन-बार नावाचा विषाणू. आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच, फारसा त्रास न देता होऊन जातो. ज्यांना तो किशोरवयात गाठतो, त्यांच्यात तो असे रूप घेतो. ओळखण्याच्या खुणा आहेत : गाठी मानेच्या पुढे असतात तशाच मागच्या बाजूलाही मोठ्या असतात, पापण्या सुजतात, थकवा इतका की मुलगी दिवसभर अंथरुणात, आणि दुखणे पाच दिवसांत न आटोपता आठवडे रेंगाळते. रक्ताच्या तपासणीत वेगळ्या दिसणाऱ्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात. या विषाणूच्या काळात अमॉक्सिसिलिन घेतले, तर अनेकांना हे पुरळ येते. ती बहुधा कायमची पेनिसिलिन-ॲलर्जी नसते. पण केसपेपरवर एकदा 'ॲलर्जी' असा शिक्का बसला, की साधे, चांगले औषध पुढे आयुष्यभर नाकारले जाते. म्हणून ते पुरळ कशाचे होते हे डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्यावे. आणखी एक, या आजारात प्लीहा मोठी होते आणि पोटावर मार बसला तर फाटू शकते. निदान तीन-चार आठवडे कबड्डी, कुस्ती, फुटबॉल बंद.

थांबायचे नाही, अशा खुणा

विषाणू की जिवाणू हा विचार सावकाश करता येतो. काही खुणा मात्र दिसल्या, की त्याच तासाला रुग्णालय गाठायचे. दुखणे एकाच बाजूला वाढत जाते, तोंड उघडता येत नाही, आवाज तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा येतो, लाळ गळते आणि पडजीभ एका बाजूला ढकललेली दिसते. टॉन्सिलमागे पू साठल्याची ही लक्षणे. किशोरवयात हे विशेष आढळते आणि तो पू काढावाच लागतो. श्वास घेताना आवाज येणे, धाप लागणे, मान ताठ होणे, पाणीही न जाणे आणि लघवी कमी होणे या खुणाही तशाच.

आणि एक जुना शत्रू, घटसर्प. टॉन्सिलवर ठिपक्यांऐवजी करडा, चिकट पडदा, जो टॉन्सिल ओलांडून पडजिभेकडे पसरतो आणि ओढला तर रक्त येते. ताप बेताचा, पण मूल फार आजारी आणि मान बैलासारखी सुजलेली. हा पडदा घरी खरवडून पाहायचा नाही. घटसर्पाची लस लहानपणी मिळते, पण तिचा जोर ओसरतो, म्हणून दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीचे इंजेक्शन सरकारी कार्यक्रमात आहे. नेमकी हीच दोन इंजेक्शने राहून जातात. घरात किशोरवयीन मूल असेल, तर त्याचे लसीकरणाचे कार्ड आजच काढून पाहावे.

त्या मुलाच्या आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर वीस चौकोन आखले. रोज दोन खोडायचे. पाचव्या दिवशी तो पुन्हा मैदानावर गेला आणि संध्याकाळची कॅप्सूल विसरला. आईने रात्री झोपेतून उठवून दिली. विसावा चौकोन खोडला गेला तेव्हा घसा दुखल्याची आठवणही त्याला उरली नव्हती. पुन्हा घशाचा नमुना घेण्याची किंवा रक्त तपासण्याची गरज नव्हती. पुढचा महिनाभर सांधा सुजला, धाप लागली किंवा लघवी चहासारखी लाल झाली तर लगेच यायचे, एवढेच डॉक्टरांनी सांगून ठेवले होते. तसे काही झाले नाही.

पुढच्या आठवड्यात थोरल्या मुलीला पुन्हा सर्दी झाली, घसा खवखवू लागला. वडिलांनी विचारले, 'खोकला आहे का?' ती खोकतच 'हो' म्हणाली. त्यांनी चप्पल घातली नाही. गुळण्यांसाठी पाणी तापत ठेवले.